बिलाखाली व्याजाची ओळ राहणारच: मोठ्या खरेदीदार कंपनीच्या लेखा आणि खरेदी विभागप्रमुखांना खुले पत्र

शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर
दि. 27 जानेवारी 2026

स.न.वि.वि.

तुमच्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि आमच्या वसाहतीत हे पत्र वाचणारे बरेचजण आपापल्या खरेदीदाराचं नाव त्या जागी घालूनच वाचतील.

पत्र लिहायची वेळ आली ती तुमच्या या महिन्याच्या परिपत्रकामुळे. सगळ्या पुरवठादारांना तुम्ही एक छापील हमीपत्र पाठवलं आहे. लेटरहेडवर घ्यायचं, सही-शिक्का करायचा आणि 31 जानेवारीच्या आत परत पाठवायचं. आम्ही 90 दिवसांची मुदत स्वखुशीने मान्य करतो आणि पैसे उशिरा आले तरी त्यावर कसलंही व्याज मागणार नाही, असा त्याचा मथितार्थ. सही नसेल तर पुढची खरेदी ऑर्डर, म्हणजे पीओ, सुटणार नाही, असं तुमच्या खरेदी विभागातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं. लेखी मात्र दिलं नाही.

मी सही करणार नाही. का करणार नाही, ते हिशेबासकट सांगतो.

आमचा कारखाना छोटा आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केला. आज दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि 14 माणसं आहेत. कास्टिंग शेजारच्या फाउंड्रीतून घेतो, मशीनिंग आमच्याकडे होतं. तुम्हाला गिअरबॉक्सची हाऊसिंग देतो. हिशेब वहिनी बघतात. तुमच्या लेखा विभागाला दर सोमवारी फोन जातो तो त्यांचाच. फाउंड्रीवाला आम्हाला 30 दिवसांच्या पुढे एक दिवस देत नाही, महावितरण तर तेवढेही देत नाही. पगार 7 तारखेला होतात. तुमच्याकडे अडकलेल्या पैशांची भरपाई आम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटमधून करतो आणि त्यावर दर महिन्याला व्याज भरतो. म्हणजे तुमच्या उशिराचं व्याज आजही कुणीतरी भरतंच आहे, फक्त ते तुम्ही भरत नाही.

आता एकच बिल घेतो. थकलेली तीन आहेत, पण एक नीट समजलं की बाकीची आपोआप समजतात.

500 हाऊसिंग, दर 800 रुपये. मालाची किंमत 4,00,000, जीएसटी 72,000, एकूण 4,72,000 रुपये. बिलाची तारीख 10 जून 2025, आणि त्याच दिवशी दुपारी टेम्पो तुमच्या गेटवर पोचला. आमच्या चलनाच्या प्रतीवर तुमच्या गेटचा निळा इनवर्ड शिक्का आहे, त्यात सुरक्षारक्षकाने बॉलपेनने तारीख, वेळ आणि गेट एंट्रीचा नंबर लिहिलेला आहे. शिक्का थोडा तिरका पडला आहे, पण तारीख स्वच्छ वाचता येते. वहिनींनी ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. घरातले दागिनेसुद्धा त्या इतक्या जपत नाहीत.

तुमच्या सिस्टीममध्ये मात्र याच मालाचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, 4 जुलैला पडला. मधले 24 दिवस माल कुठे होता? तुमच्याच स्टोअरमध्ये. त्यातल्या काही हाऊसिंग तर जीआरएन होण्याआधीच लाइनवर लागल्या होत्या. हे मला कसं कळलं? 2 जुलैला तुमच्या लाइनवरून फोन आला की 6 नगांत मशीनिंगनंतर ब्लो होल दिसले आहेत. आम्ही वाद घातला नाही, पुढच्या फेरीत 6 नग बदलून दिले. पण जो माल अजून 'आलेलाच नाही' त्यातले नग लाइनवर कसे पोचले, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

पीओवर मुदत आहे 'जीआरएनपासून 90 दिवस'. तुमच्या हिशेबाने पैसे 2 ऑक्टोबरला यायला हवे होते. तेव्हाही आले नाहीत. कधी म्हणे पेमेंट रन 7 आणि 22 तारखेलाच असते, कधी म्हणे मंजुरी देणारे साहेब रजेवर आहेत. आज जानेवारी संपत आला.

आता कायद्याच्या हिशेबाकडे येतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा तुमच्या विधी विभागाला पाठ असेल, पण लेखा विभागात बसलेल्या मुलापर्यंत तो पोचलेला दिसत नाही. म्हणून साध्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट तारखेची. घड्याळ जीआरएनला सुरू होत नाही, माल प्रत्यक्ष पोचला त्या दिवशी सुरू होतं. मालाबद्दल तक्रार असेल तर ती तुम्ही 15 दिवसांत लेखी कळवायची. तशी कळवली, तर ती दूर झाली त्या दिवसापासून मोजणी होते. लेखी काहीच आलं नाही, तर पोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं कायदा धरून चालतो. इथे 25 जूनपर्यंत तुमच्याकडून एक ओळही आली नाही. ब्लो होलचा फोन 2 जुलैचा, म्हणजे मुदतीनंतरचा, आणि तोही तोंडी. तेव्हा स्वीकाराची तारीख 10 जून. म्हणूनच तो तिरका शिक्का आम्हाला एवढा मोलाचा आहे. माझ्यासारख्या दुसऱ्या कारखानदारांनाही सांगतो, चालकाला बजावून ठेवा, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय चलन घेऊन परत यायचं नाही. बाकी सगळे कागद नंतर तयार करता येतात, हा एक येत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपसात लेखी करार नसेल तर स्वीकारापासून 15 दिवस, आणि करार असला तरी कुठल्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या पुढे नाही, असं कलम 15 सांगतं. तुमचे 90 दिवस 45 व्या दिवशी संपतात, मग पीओवर काहीही छापलेलं असो. 10 जूनपासून 45 दिवस म्हणजे 25 जुलै 2025. व्याज 26 जुलैपासून लागतं. 90 दिवसांचं कलमच निरर्थक ठरतं, म्हणून मुदत 15 दिवसांचीच धरा, असा युक्तिवाद करणारेही भेटतात. मी तो केलेला नाही. 45 दिवसांची मुदत तुमच्या सोयीची आहे आणि मी तीच धरली आहे.

तिसरी गोष्ट दराची, आणि इथे आधी माझी चूक कबूल करतो. ऑगस्टमध्ये पाठवलेल्या पहिल्या स्मरणपत्रात मी '24 टक्के' लिहिलं होतं. आमच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात तेच छापलेलं आहे, वसाहतीत जवळपास सगळ्यांच्याच बिलावर असतं. वडिलांच्या काळात प्रेसवाल्याने एकदा टाकलं आणि तेव्हापासून चालत आलं. त्यात मी दिवसही बिलाच्या तारखेपासून मोजले होते. तुमच्या विभागातल्या मुलाने ते स्मरणपत्र परत पाठवलं आणि विचारलं, "हा आकडा कुठून आणला?" प्रश्न रास्त होता. मी ते पत्र मागे घेतलं.

कायद्याचा दर वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. बँक रेट आणि रेपो रेट एक नव्हेत. बातम्यांत रोज ऐकू येतो तो रेपो, बँक रेट त्याच्याहून थोडा जास्त असतो. रेपोच्या तिप्पट लावलं तर व्याज कमी निघतं आणि सरळ व्याज लावलं तर आणखी कमी. अशी चुकलेली स्मरणपत्रं मी मित्रांच्या फायलीत पाहिली आहेत. 6 जून 2025 पासून बँक रेट 5.75 टक्के होता, म्हणजे आपला दर 17.25. 5 डिसेंबर 2025 पासून तो 5.50 झाला, म्हणजे 16.50. दर उतरला तेव्हा मीही उतरवला. जुना चढा दर चालू ठेवून तुम्हाला हरकतीला निमित्त द्यायचं नव्हतं.

तुम्हाला पाठवलेल्या स्मरणपत्रातला तक्ता असा आहे. दर ओळीला एक महिना, 26 तारखेपासून पुढच्या 25 तारखेपर्यंत.

| महिना | सुरुवातीची बाकी | वार्षिक दर | व्याज |
|---|---|---|---|
| 26 जुलै ते 25 ऑगस्ट 2025 | 4,72,000.00 | 17.25% | 6,785.00 |
| 26 ऑगस्ट ते 25 सप्टेंबर | 4,78,785.00 | 17.25% | 6,882.53 |
| 26 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबर | 4,85,667.53 | 17.25% | 6,981.47 |
| 26 ऑक्टोबर ते 25 नोव्हेंबर | 4,92,649.00 | 17.25% | 7,081.83 |
| 26 नोव्हेंबर ते 25 डिसेंबर | 4,99,730.83 | 9 दिवस 17.25%, 21 दिवस 16.50% | 6,965.00 |
| 26 डिसेंबर ते 25 जानेवारी 2026 | 5,06,695.83 | 16.50% | 6,967.07 |

25 जानेवारीअखेर व्याज 41,662.90 रुपये आणि मुद्दलासह एकूण येणं 5,13,662.90 रुपये. त्यापुढे रोज साधारण 232 रुपये. त्या 500 हाऊसिंगमागे आमच्या हातात जे राहणार होतं, त्यातला मोठा घास या सहा महिन्यांनी खाल्ला आहे.

हे करायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. वहिनींनी एक्सेलमध्येच केलं. एका ओळीचं व्याज असं काढलं, बी मध्ये सुरुवातीची बाकी आणि सी मध्ये वार्षिक दर:

```
=ROUND(B2*C2/12,2)
```

पुढच्या ओळीची सुरुवातीची बाकी म्हणजे आधीची बाकी अधिक तिचं व्याज. दर मध्येच बदलला त्या महिन्याची ओळ दिवसांच्या प्रमाणात:

```
=ROUND(B6*(17.25%*9+16.5%*21)/30/12,2)
```

तक्त्याच्या वर आम्ही पाचच गोष्टी लिहितो: बिल नंबर, पीओ नंबर, गेट एंट्रीचा नंबर आणि तारीख, आमचा उद्यम नोंदणी क्रमांक नोंदणीच्या तारखेसह, आणि 45 वा दिवस कोणता ते. उद्यम नोंदणीची तारीख मुद्दाम लिहितो. ती मालाच्या तारखेआधीची असली की निम्मे वाद तिथेच मिटतात. नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधी दिलेल्या मालाला मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं आहे. आमची नोंदणी जुनी आहे. तक्त्याखाली एवढंच: 'वरील व्याज एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15 व 16 प्रमाणे. व्याजावरील जीएसटी, व्याज मिळेल तेव्हा, नियमाप्रमाणे.' विनंती नाही, धमकीही नाही.

जीएसटीची ती ओळ आमच्या सीएंनी घालायला लावली. उशिराच्या व्याजावर जीएसटी लागतो, पण तो व्याज हातात पडेल तेव्हा भरायचा असतो. म्हणून आम्ही आज व्याजाची डेबिट नोट काढलेली नाही, फक्त हिशेब पाठवला आहे. डेबिट नोट आधीच काढून ते उत्पन्नात धरलं, तर न मिळालेल्या व्याजावर आयकर भरत बसायची पाळी. एका मित्रावर ती आली आहे.

नोव्हेंबरमध्ये, त्या तारखेपर्यंतच्या हिशेबाचं हे स्मरणपत्र तुमच्याकडे गेलं, तेव्हा चार दिवसांत फोन आला. पैशांबद्दल तुमच्याकडून आपणहून आलेला तो पहिला फोन. निरोप एवढाच होता: "व्याजाची ओळ काढून पुन्हा पाठवा, म्हणजे फाईल पुढे सरकेल." वहिनींनी विचारलं, ओळ काढली तर कुठल्या तारखेला पैसे येतील? त्यावर उत्तर नव्हतं. ओळ आम्ही काढली नाही. मग जानेवारीत हे परिपत्रक आलं.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात आधी हे हमीपत्र. कलम 16 मध्ये व्याजाची जबाबदारी 'आपसात काहीही करार असला तरी' अशा शब्दांत खरेदीदारावर टाकली आहे आणि कलम 24 या तरतुदींना इतर कायद्यांच्या वर ठेवतं. मी सही केली तरी व्याज माफ होत नाही. मग ज्या कागदाला कायद्यात किंमत नाही तो तुम्हाला कशाला हवा? माझा अंदाज असा की तो न्यायालयात दाखवण्यासाठी नाहीच. उद्या पुरवठादाराने व्याज मागितलं की 'तुम्हीच तर लिहून दिलं होतं' असं म्हणून त्याला ओशाळं करता यावं, एवढंच त्याचं काम. आमच्यासारख्या माणसांवर ते चालतंही, कारण आपण सही केलेल्या कागदाला आपण मान देतो.

दुसरी तक्रार जीआरएनची. तो तुमचा अंतर्गत कागद आहे. तो कधी काढायचा हे तुमच्या हातात, पैसे त्या तारखेपासून मोजायचे हेही तुमच्या हातात. एवढी मोकळीक आम्ही आमच्या फाउंड्रीवाल्याकडे मागितली तर तो गेटमधून आत घेणार नाही.

तिसरी तुमच्या वार्षिक अहवालाबद्दल. लेखापरीक्षण होणाऱ्या खरेदीदाराने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचं थकलेलं मुद्दल आणि त्यावरचं व्याज ताळेबंदात वेगळं दाखवावं, असं कलम 22 म्हणतं. तुमच्या मागच्या अहवालात त्या जागी 'निरंक' आहे. त्या 31 मार्चला आमची दोन बिलं 45 दिवस ओलांडून पडलेली होती. उद्यम क्रमांक तुमच्या व्हेंडर फॉर्मवर पहिल्याच पानावर आहे. तेव्हा आमची नोंद तुमच्या सिस्टीममध्ये 'इतर' पुरवठादारांत झाली आहे का, हे कृपया एकदा बघा. तसं असेल तर कंपन्यांना दर सहामाहीला भरावा लागणारा एमएसएमई-1 फॉर्मही चुकलेला असणार. एप्रिल ते सप्टेंबरचा तो 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचा होता आणि 10 जूनचं हे बिल, न देण्याच्या कारणासकट, त्यात असायला हवं होतं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत, हे वाचायला मला खरंच आवडेल.

चौथी कराची. जून महिन्याच्या विवरणात या बिलाचा 72,000 रुपयांचा जीएसटी आम्ही जुलैच्या 20 तारखेला दाखवून मोकळे झालो, काही क्रेडिटमधून, बाकी रोख. तेवढ्याच 72,000 चं क्रेडिट तुम्ही घेतलंत, आम्हाला एक पैसा न देता. पण बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ते 180 दिवस 7 डिसेंबरला संपले. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा मिळतं, तोवरचं व्याज मिळत नाही. आमचे पैसे अडवून तुमची बचत होते आहे असं जर कुणी वरिष्ठांना दाखवत असेल, तर त्या हिशेबात ही ओळ आहे का, विचारून पाहा.

त्यात आणखी दोन ओळी हव्यात. आम्हाला दिलेलं विलंब-व्याज तुम्हाला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, असं कलम 23 मध्ये स्पष्ट आहे. आणि 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात आलेलं 43बी(एच): हे बिल 31 मार्च 2026 पर्यंत दिलं नाही, तर त्यातला 4,00,000 चा खर्च तुम्हाला यंदा मिळणार नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडून अचानक पैसे येतात, त्यामागचं गुपित हेच. आमच्यावर उपकार म्हणून ते येतात असं पूर्वी वाटायचं.

या 43बी(एच) ने आमच्यापैकी काहींचं नुकसानही केलं, हे मी लपवत नाही. उद्यम नोंदणी रद्द करा, मग काम देतो, असं ऐकून घेतलेले दोघे माझ्याच रांगेत आहेत. मध्यम उद्योगांना आणि निव्वळ व्यापाऱ्यांना हे 45 दिवसांचं संरक्षण नाही, त्यामुळे काही खरेदी तिकडे वळली. कायदा चांगला असून काम जातं, अशी ही गत. म्हणून थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, म्हणजे कौन्सिलकडे, मी उद्या धाव घेईन असं समजू नका.

कौन्सिलचा रस्ता मला ठाऊक आहे. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत पीओ, बिल, चलन आणि व्याजाचा तक्ता जोडायचा. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. पुरवठादार ज्या राज्यात आहे तिथल्या परिषदेकडे हे चालतं, त्यामुळे तुमच्या दारात यायची गरज नाही. आणि निकालाला आव्हान द्यायचं तर तुम्हाला निकालाच्या रकमेपैकी 75 टक्के आधी भरावे लागतात. कागदावर 90 दिवसांत निकाल लागायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही, हेही मला माहीत आहे. आणि अर्ज केला त्या दिवशी तुमचं काम बंद होईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुमच्या फोनवरच्या आवाजात जो निवांतपणा असतो, तो यातूनच येतो. तुमचं काम आमच्या उलाढालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं आहे. हे लिहिताना हात थोडा आखडतो.

पण सही करून हे काम टिकवलं, तर पुढच्या प्रत्येक पीओवर 90 दिवस आणि वर तुमची पेमेंट रन. तेवढं भांडवल माझ्याकडे नाही. बँकेकडे मर्यादा वाढवून मागितली, तर ती येणी बघते, आणि 90 दिवसांपेक्षा जुनं येणं आमची बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये धरतच नाही. म्हणजे तुम्ही जितका उशीर कराल तितकी बँकही हात आखडते. हमीपत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे आलं नसावं.

माझ्या मागण्या पाच आहेत.

एक, वरच्या बिलाचे 4,72,000 रुपये आणि त्यावरचं पैसे देण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज, इतर दोन बिलांच्या तशाच हिशेबासह, 15 फेब्रुवारी 2026 पर्यंत खात्यात जमा करावं. हिशेबात चूक असेल तर कुठल्या ओळीत आहे ते लेखी कळवा. चूक निघाली तर मी दुरुस्त करीन, ऑगस्टमध्ये केली तशी.

दोन, हमीपत्राचं परिपत्रक मागे घ्यावं आणि ज्यांच्याकडून ते आधीच घेतलं त्यांना तसं कळवावं.

तीन, पीओवरची मुदत 'गेट इनवर्डच्या तारखेपासून 45 दिवस' अशी बदलावी. मालाची तपासणी 15 दिवसांत पूर्ण करून दोष असल्यास मेलवर कळवावं. आम्ही बदलून देऊ. आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.

चार, उद्यम नोंदणी असलेल्या सर्व पुरवठादारांचं तुमच्या सिस्टीममधलं वर्गीकरण 31 मार्चच्या आत तपासावं.

पाच, तुमच्या लेखा विभागातल्या ज्या मुलाने माझं पहिलं स्मरणपत्र चुकीचं म्हणून परत पाठवलं, त्याच्याकडेच आमची फाईल राहू द्यावी. तुमच्याकडे आकडा वाचून प्रश्न विचारणारा तो एकटाच भेटला.

15 फेब्रुवारीपर्यंत पैसे किंवा लेखी उत्तर आलं नाही तर 16 तारखेला कौन्सिलकडे अर्ज जाईल. त्याची प्रत तुम्हाला त्याच दिवशी मिळेल. तोवर हातातल्या पीओचा माल ठरल्या तारखेला येत राहील. 29 जानेवारीला 200 नग निघत आहेत. चालकाला चलनावर शिक्का घ्यायला सांगितलं आहे. तुमच्या गेटवर तेवढं सांगून ठेवावं.

कळावे,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील तुमचा एक पुरवठादार

सोबत: तीन बिलांच्या प्रती, गेट शिक्क्यासह चलनं, उद्यम प्रमाणपत्र, 25 जानेवारीअखेरचे व्याजाचे तक्ते, आणि सही न केलेलं हमीपत्र.